ट्यूब स्वच्छ दिसते, जंतू जिवंत असतात: स्टॅटिक-सायडल वर्गात कसं शिकवावं?

विश्वामित्री

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला शिकवते. बॅक्टेरियोस्टॅटिक म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी आणि बॅक्टेरिसायडल म्हणजे जंतू मारणारी अँटिबायोटिक्स, हा भाग दर वर्षी येतो, आणि बहुतेक ठिकाणी तो दोन रकान्यांची यादी लिहून देऊन संपतो. यंदा मी यादी आधी दिलीच नाही, थेट प्रॅक्टिकल लावलं. त्यातून जे निघालं त्यावर इथल्या जाणकारांशी बोलायचं आहे.

जंतू एकच घेतला, ई. कोलायचा एटीसीसी 25922 हा प्रमाणित स्ट्रेन. औषधं दोन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि जेंटामायसिन. दोन्ही मुद्दाम निवडली, कारण दोन्ही रायबोसोमवरच काम करतात. म्युलर-हिंटन ब्रॉथच्या ट्यूबांमध्ये औषध दुप्पट-दुप्पट वाढवत नेलं. क्लोरॅम्फेनिकॉल मिलिलिटरला 1 मायक्रोग्रॅमपासून 64 पर्यंत, जेंटामायसिन त्याच्या बरंच खालून. प्रत्येक ट्यूबमध्ये सुरुवातीला मिलिलिटरला साधारण 5 लाख जंतू, आणि मग रात्रभर इन्क्युबेटर.

सकाळी क्लोरॅम्फेनिकॉलच्या ट्यूबा 4 पासून वर स्वच्छ होत्या, जेंटामायसिनच्या 0.5 पासून. एका मुलीने ट्यूब खिडकीसमोर धरली आणि आनंदाने गुजरातीत म्हणाली, "मॅम, बधा मरी गया!" म्हणजे सगळे मेले. मी काही बोलले नाही. प्रत्येक स्वच्छ ट्यूबमधून 0.1 मिलिलिटर घेऊन औषध नसलेल्या अॅगर प्लेटवर पसरायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जेंटामायसिनच्या 0.5 च्या प्लेटवर तीनशेच्या आसपास कॉलनी होत्या, 1 च्या प्लेटवर अकरा. क्लोरॅम्फेनिकॉलच्या 4, 8, 16 च्या प्लेटांवर मोजताच येणार नाही असा सलग थर. म्हणजे ज्या ट्यूबा आदल्या दिवशी काचेसारख्या दिसत होत्या, त्यात लाखो जंतू जिवंत बसले होते. डोळ्यांना गढूळपणा दिसायला मिलिलिटरला कोटीच्या घरात जंतू लागतात. पाच लाखाचे पाच लाखच राहिले तरी ट्यूब स्वच्छच दिसणार. ही गोष्ट वर्गाला त्या दिवशी जशी कळली तशी फळ्यावर लिहून कधीच कळली नसती.

आता माझे प्रश्न. एक, दोन्ही औषधं रायबोसोमला धरतात, मग एकाने जंतू मरतात आणि दुसऱ्याने नुसते थांबतात, हे या वयाच्या मुलांना किती खोलात सांगावं? दोन, एका गटाची क्लोरॅम्फेनिकॉलची 64 ची प्लेट पूर्ण कोरी आली आणि 32 च्या प्लेटवर जेमतेम बारीक कॉलनी. बाकीच्या गटांकडे तिथेही थर होता. हा गट आता म्हणतो की क्लोरॅम्फेनिकॉल सायडल आहे, फक्त डोस जास्त लागतो. त्यांना काय सांगू? आणि तीन, या सगळ्यानंतर यादी द्यावी की नाही?

फार्मसीवाला_मांजलपूर

मॅडम, प्रॅक्टिकल छानच. पण मुलांना एक सरळ नियम द्या, गोंधळ होणार नाही. पेशीभित्तिका फोडणारी औषधं सायडल, म्हणजे पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, व्हँकोमायसिन. प्रथिनं बनवणं अडवणारी स्टॅटिक, म्हणजे टेट्रासायक्लिन, मॅक्रोलाइड, क्लोरॅम्फेनिकॉल, लिनेझोलिड. जेंटामायसिन आणि त्याची भावंडं अपवाद म्हणून पाठ करून घ्यायची. मी डी.फार्म.च्या मुलांना असंच शिकवतो, आणि पेपरात त्यांचे मार्क जात नाहीत.

दुसरं म्हणजे स्टॅटिक आणि सायडल एकत्र देऊ नये, हेही लगेच सांगून टाका. पेनिसिलिनला वाढणारा जंतू लागतो, स्टॅटिक औषध वाढच थांबवतं, मग पेनिसिलिन मारणार कुणाला?

कल्चररूम

हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काढली, त्यामुळे कोऱ्या प्लेटबद्दल आधी बोलतो. तुमचा खरा धडा त्या प्लेटमध्ये आहे.

मॅडम, त्या गटाने 0.1 मिलिलिटर प्लेटभर पसरलं होतं की एका जागी थेंब सोडला होता, हे विचारा. माझा अंदाज, थेंब सोडला असणार. हिशेब करून बघा. 64 च्या ट्यूबमधल्या 0.1 मिलिलिटरबरोबर 6.4 मायक्रोग्रॅम औषधही प्लेटवर गेलं. प्लेटमध्ये 25 मिलिलिटर अॅगर असेल आणि थेंब नीट पसरला असेल, तर ते औषध मिलिलिटरला पाव मायक्रोग्रॅमवर येतं, 4 च्या कितीतरी खाली. जंतू खुशाल वाढतील. पण थेंब दोन चौरस सेंटीमीटरमध्येच बसला आणि अॅगरची जाडी चार मिलिमीटर असली, तर त्याच्या खाली अॅगर आहे जेमतेम 0.8 मिलिलिटर. औषध बाजूला झिरपेपर्यंत तिथे मिलिलिटरला 8 मायक्रोग्रॅम. म्हणजे थांबवायला पुरेसं औषध तुम्ही ट्यूबमधून प्लेटवर स्वतःच नेलं. 32 च्या प्लेटला हाच हिशेब 4 वर येतो, अगदी काठावर, म्हणून तिथे बारीक कॉलनी. याला आम्ही कॅरीओव्हर म्हणतो.

ओळखायची युक्ती सोपी आहे. तीच ट्यूब सलाइनमध्ये दहापट आणि शंभरपट विरळ करून पसरा. जंतू खरोखर मेले असतील तर विरळ केल्यावर कॉलनी आणखी कमी होतील. विरळ केल्यावर कॉलनी वाढल्या, तर आधीची कोरी प्लेट औषधाने कोरी ठेवली होती.

आणि कोरेपणाची गरज नाहीच, हेही मुलांना सांगा. सायडल ठरवायची रेघ आहे 99.9 टक्के मरण्याची. मिलिलिटरला 5 लाख म्हणजे 0.1 मिलिलिटरमध्ये 50 हजार, त्यातला हजारावा भाग म्हणजे 50 कॉलनी. प्लेटवर पन्नासपर्यंत दिसल्या तरी त्या डोसला मारलं म्हणायचं. तुमची जेंटामायसिनची 1 ची प्लेट अकरा कॉलनींसह पास आहे, 0.5 ची तीनशेंसह नापास. वाढ थांबवणारा सगळ्यात कमी डोस म्हणजे एमआयसी 0.5, मारणारा सगळ्यात कमी डोस म्हणजे एमबीसी 1, गुणोत्तर दोन. चारपर्यंत असेल तर सायडल धरायचा रिवाज आहे. क्लोरॅम्फेनिकॉलचं 64 ला सुद्धा जमलं नाही, म्हणजे सोळापटीच्या पुढे.

फार्मसीवाले, नियम सोपा आहे हे कबूल. पण जेंटामायसिन अपवाद म्हणून पाठ करून घेतलं की वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न मरतो. क्लोरॅम्फेनिकॉल अमिनो आम्लांची जोडणीच अडवतं. साखळी थांबते, पेशी जशी आहे तशी उभी राहते, औषध गेलं की पुन्हा सुरू. जेंटामायसिन रायबोसोमला थांबवण्याऐवजी चुकीचं वाचायला लावतं. वेडीवाकडी प्रथिनं बनतात, ती पेशीच्या पडद्यात जाऊन बसतात, पडदा गळायला लागतो, आणि त्या गळतीतून औषध आणखी आत शिरतं. काम थांबलेला कारखाना उद्या चालू होतो, सदोष माल काढत राहिलेला बुडतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांना एवढं कळतं, मॅडम. खुशाल सांगा.

आई_वाघोडिया_रोड

माफ करा, मी या विषयातली नाही, पण वाचता वाचता घाबरले. माझ्या आठ वर्षांच्या मुलाला टायफॉइड झालाय, डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिन दिलंय. वर लिहिलंय मॅक्रोलाइड स्टॅटिक असतं, म्हणजे जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. मग औषध संपलं की ताप परत येणार का? मारणारं औषध लिहून द्या असं डॉक्टरांना सांगू का? ताप कालपासून कमी आहे.

जुनी_ओपीडी

ताई, घाबरू नका आणि औषध मधेच सोडू नका. डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस पूर्ण द्या. ताप परत चढला, उलट्या होऊन औषध पोटात टिकत नसलं, पोट फुगलं किंवा खूप दुखलं, मूल सुस्त वाटलं, तर थांबू नका, त्याच डॉक्टरांकडे जा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की ट्यूबमध्ये जंतूंशी लढणारं औषधाशिवाय दुसरं कुणी नसतं. तुमच्या मुलाच्या शरीरात पांढऱ्या पेशी आहेत. जंतूंची वाढ रोखली की त्या गिळून टाकतात. शिवाय टायफॉइडचा जंतू पेशींच्या आत लपतो आणि अझिथ्रोमायसिन पेशींच्या आत रक्ताच्या कितीतरी पट साठतं. म्हणून टायफॉइडमध्ये ते चांगलं चालतं. स्टॅटिक म्हणजे कमकुवत, हा अर्थ कृपा करून काढू नका.

विश्वामित्री मॅडम, हा प्रश्न तुमच्या धाग्यात आला हे बरं झालं. नव्याने प्रॅक्टिस सुरू करणारे कितीतरी डॉक्टर हाच समज घेऊन येतात. पेशंट जरा जास्त आजारी दिसला की "सायडल लावू या". 2018 साली क्लिनिकल इन्फेक्शियस डिसीजेसमध्ये एक आढावा आला होता. स्टॅटिक आणि सायडल औषधांची समोरासमोर तुलना केलेल्या 56 चाचण्या त्यात पाहिल्या. 49 मध्ये फरकच नव्हता. सहामध्ये स्टॅटिक औषध सरस ठरलं, एकात सायडल. त्या एकात टायजेसायक्लिन हरलं होतं, आणि त्याचा दिलेला डोसच कमी पडत होता. माझं स्पष्ट मत आहे की हा भेद वर्गात इतका ठसवूच नये. डोस, औषध त्या जागी पोहोचतं का, आणि जंतू त्याला दाद देतो का, हे तीन प्रश्न आधी शिकवा.

आई_वाघोडिया_रोड

खूप आभार डॉक्टर. गोळ्या चालूच ठेवते. सोमवारी दाखवायला बोलावलंय.

फार्मसीवाला_मांजलपूर

मग एंडोकार्डायटिसचं काय, डॉक्टरसाहेब? हृदयाच्या झडपेवरच्या गाठोड्यात पांढऱ्या पेशी फारशा पोहोचत नाहीत. तिथे मारणारंच औषध हवं, हे आम्हाला शिकवलं आणि आम्ही शिकवतो. भेद ठसवू नका म्हणालात तर हे मुलांना कळणार कुठून?

जुनी_ओपीडी

तो मुद्दा खरा आहे. झडपेवरचा संसर्ग, मेंदूज्वर, केमोथेरपीने पांढऱ्या पेशी उतरलेला पेशंट, अशा जागी शरीराची मदत तोकडी असते आणि सायडल औषध धरण्यामागे तर्क आहे. मीही तिथे तेच धरतो. पण डेन्मार्कच्या पोएट चाचणीत, 2019 साली छापलेल्या, झडपेच्या संसर्गातून स्थिरावलेल्या पेशंटांना उरलेले दिवस तोंडाने औषधं दिली होती. त्यातल्या काही जोड्यांमध्ये लिनेझोलिड होतं, आणि तोंडाने औषध घेणाऱ्यांचा निकाल शिरेतून घेणाऱ्यांपेक्षा वाईट आला नाही. लिनेझोलिड तिथे एकटं नव्हतं, जोडीला दुसरं औषध होतं, आणि पहिले दिवस शिरेतून उपचार झाले होते, हे खरं. त्यामुळे मी यावरून नियम मोडीत काढत नाही. फक्त तो दगडावरची रेघ आहे असंही म्हणवत नाही.

कल्चररूम

डॉक्टरसाहेब, इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. भेद शिकवायलाच हवा, पण औषधाचा गुण म्हणून नको, त्या औषधाच्या त्या जंतूवरच्या चाचणीचा निकाल म्हणून.

मॅडमचंच क्लोरॅम्फेनिकॉल घ्या. तुमच्या प्लेटांवर ई. कोलायला त्याने थांबवलं, मारलं नाही. पण मेंदूज्वर करणारे नेहमीचे तीन जंतू, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, न्यूमोकॉकस आणि मेनिंगोकॉकस, यांना हेच औषध साध्या डोसात मारतं. म्हणून यादीत स्टॅटिक असूनही मेंदूज्वरात ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं आणि रुग्ण वाचले. ई. कोलायसारख्या आतड्यातल्या जंतूंच्या मेंदूज्वरात मात्र त्याचे निकाल वाईट आले. औषध तेच, मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरणंही तेच. फरक जंतूचा. लिनेझोलिडही तसंच, स्टॅफिलोकॉकसवर स्टॅटिक आणि बहुतेक स्ट्रेप्टोकॉकसवर सायडल. आणि उलटी बाजू बघायची तर एंटेरोकॉकस. त्याला पेनिसिलिन किंवा अँपिसिलिन थांबवतं, पण एकट्याने नीट मारत नाही. पेशीभित्तिका फोडणारं औषध असूनही! म्हणून झडपेवरच्या एंटेरोकॉकसला अँपिसिलिनबरोबर दुसरं औषध जोडावं लागतं, पूर्वीपासून जेंटामायसिन, आता बऱ्याच ठिकाणी सेफ्ट्रिअॅक्सोन.

आता सांगा, दोन रकान्यांच्या यादीत क्लोरॅम्फेनिकॉल कुठे लिहायचं?

आणि एकत्र न देण्याच्या नियमाबद्दल, फार्मसीवाले, त्याला आधार आहे. 1951 साली न्यूमोकॉकसच्या मेंदूज्वरात नुसतं पेनिसिलिन आणि पेनिसिलिनबरोबर क्लोरटेट्रासायक्लिन यांची तुलना छापून आली. दोन औषधं मिळालेले रुग्ण जास्त दगावले. तो इशारा मेंदूज्वरासाठी आजही मानावा. पण त्यावरून "कधीच नाही" असा नियम होत नाही. न्यूमोनियाला सेफ्ट्रिअॅक्सोनबरोबर अझिथ्रोमायसिन रोज दिलं जातं. स्ट्रेप्टोकॉकसच्या मांस सडवणाऱ्या संसर्गात पेनिसिलिनबरोबर क्लिंडामायसिन मुद्दाम देतात, कारण ते विष बनणंच बंद करतं. आणि सल्फा व ट्रायमेथोप्रिम ही दोन स्टॅटिक औषधं एकत्र झाली की बऱ्याच जंतूंवर सायडल होतात.

तिसरं_वर्ष_बडोदा

सर, मी विद्यार्थी आहे, विश्वामित्री मॅडमच्या कॉलेजचा नाही. हे सगळं वाचून समजलं, पण पेपरात एक मार्काला येतं "खालीलपैकी बॅक्टेरियोस्टॅटिक कोणते?" आणि पर्यायात क्लोरॅम्फेनिकॉल असतं. तिथे "जंतूवर अवलंबून" लिहायला जागा नसते. मग?

फार्मसीवाला_मांजलपूर

तेच तर मी म्हणतोय. यादी लागतेच. तपासणाऱ्याकडे उत्तरपत्रिकेची किल्ली असते, त्याच्याकडे तुमची प्लेट नसते. एंटेरोकॉकसचं मात्र मी वर्गात सांगेन, ते मला पटलं. "कधीच नाही"च्या जागी "मेंदूज्वरात नको" असं सांगायलाही माझी हरकत नाही.

कल्चररूम

बाळा, एक मार्काला क्लोरॅम्फेनिकॉलवरच खूण कर. पाच मार्कांच्या उत्तरात पहिल्याच वाक्यात जंतूचं नाव, डोस आणि किती तासांनी मोजलं ते लिही. चांगला तपासणारा तिथेच ओळखतो.

विश्वामित्री

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी कोऱ्या प्लेटचं सांगते. कल्चररूम, अंदाज बरोबर निघाला. त्या गटाने थेंब सोडला होता, पसरण्याची काच दुसऱ्या गटाकडे होती म्हणून. त्यांच्याकडून पूर्ण मांडणी पुन्हा करून घेतली, आणि 64 च्या ट्यूबमधून शंभरपट विरळ करून 0.1 मिलिलिटर पसरायला लावलं. अडीचशेच्या आसपास कॉलनी आल्या. मुलांनी फळ्यावर स्वतः गुणाकार केला: 250 गुणिले 100 गुणिले 10, म्हणजे मिलिलिटरला अडीच लाख. सुरुवातीच्या पाच लाखांपैकी निम्मे रात्रभर एमआयसीच्या सोळापट औषधात बसून जिवंत. "डोस वाढवला की सायडल" म्हणणारा मुलगा हा आकडा लिहून झाल्यावर पुन्हा ट्यूब हातात घेऊन बघत होता.

यादीचं मी असं ठरवलंय. यादी देणार, पण प्रॅक्टिकलनंतर, आणि तीन रकान्यांची. पहिल्यात औषध, दुसऱ्यात जंतू, तिसऱ्यात स्टॅटिक की सायडल. क्लोरॅम्फेनिकॉल दोनदा येईल, एकदा ई. कोलायसमोर आणि एकदा हिमोफिलससमोर. अँपिसिलिनही दोनदा. जर्नलमध्ये "क्लोरॅम्फेनिकॉल स्टॅटिक आहे" असं वाक्य लिहिलं तर मी सही करणार नाही. "एटीसीसी 25922 वर 64 पर्यंत रात्रभरात 99.9 टक्के घट मिळाली नाही" असं हवं.

जुनी ओपीडी डॉक्टर, भेद ठसवू नये हे तुमचं मत मात्र मला अजून पटत नाही. तुमच्यासमोर पेशंट असतो, माझ्यासमोर ट्यूब. माझ्या मुलांपैकी बरेचजण लॅबमध्ये जातील, तिथे वाढ दिसत नाही आणि जंतू मेला या दोन वेगळ्या नोंदी आहेत हे त्यांना माहीत असायलाच हवं.

जुनी_ओपीडी

लॅबसाठी ते हवंच, तिथे माझा वाद नाही. माझी भीती एवढीच की तिसऱ्या रकान्यातला शब्द वाचून कुणीतरी औषध बदलतो. तुम्ही चौथा रकाना करा: "रुग्णांच्या चाचण्यांत फरक दिसला का?" बहुतेक ओळींत "नाही" येईल.

विश्वामित्री

चौथा रकाना घेते. झडपेच्या संसर्गासमोर तिथे काय लिहायचं, तेवढं तुम्ही आणि फार्मसीवाले मिळून सांगा.

फार्मसीवाला_मांजलपूर

"सायडलच."

जुनी_ओपीडी

"सायडल धरावं, चाचण्या थोड्या." त्याच्यापुढे मी जाणार नाही.